सेपक टकरा: हात एकदाच चालतो, तो सर्व्हिसच्या वेळी

महोत्सवात सेपक टकरा, म्हणजे जाळीवरून पायाने चेंडू मारायचा खेळ, पाहून आलेल्या मुलामुलींचे प्रश्न साधारण सारखेच असतात. तो डोक्यावर पाय नेऊन मारणारा खेळाडू एका गोलातच का उभा होता? हाताने खेळायचं नसतं, तर दुसऱ्याने चेंडू हाताने का फेकला? आणि गुण जिंकलेल्या संघाकडून सर्व्हिस काढून घेऊन ती हरलेल्या संघाला का दिली? तिन्ही प्रश्नांची उत्तरं सर्व्हिसमध्येच सापडतात. म्हणून मी शिकवताना स्मॅशच्या कोलांट्या बाजूला ठेवतो आणि सुरुवात तिथूनच करतो.

आधी एक खात्री करून घ्या. तुम्ही पाहिलेल्या खेळात मध्ये जाळी होती का? थायलंडमध्ये याच चेंडूने गोलात उभं राहून तो खाली न पाडता खेळत राहण्याचा प्रकार आहे. उंचावर टांगलेल्या कड्यांमधून चेंडू घालण्याचाही एक प्रकार आहे. ते खेळ देखणे आहेत, पण त्यांचे नियम वेगळे. या लेखात बोलायचं आहे ते जाळीवरच्या खेळाबद्दल, ज्यात एका बाजूला तीन खेळाडू असतात. या तिघांच्या संघाला रेगू म्हणतात. मागे उभा राहून सर्व्हिस करतो तो टेकाँग. जाळीजवळ डावीकडे आणि उजवीकडे उभे असतात ते दोघे इनसाइड. सर्व्हिस झाल्यावर त्यांच्यातला एक बहुतेक वेळा चेंडू उचलून देतो आणि दुसरा स्मॅश मारतो.

आशियाई खेळांमध्ये हा खेळ पदकासाठी खेळला जाऊ लागला तो 1990 साली, बीजिंगमध्ये. त्याआधी 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला होता. त्याच वर्षी भारतीय महासंघही स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, हे नागपूरच्या मुलांनाही अनेकदा माहीत नसतं. खेळाची खरी मुळं मात्र भारतात मणिपूरने धरली. 2018 मध्ये जकार्तात पुरुषांनी आणि पुढे हांग्झोऊच्या खेळांत महिलांनी कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्या संघांत मणिपुरी खेळाडूंचाच भरणा होता. मार्च 2025 मध्ये पाटण्याच्या विश्वचषकात पुरुषांच्या रेगूने सुवर्णपदक जिंकलं. इतिहास एवढा पुरे, आता कोर्टवर जाऊ.

बॅडमिंटनचं कोर्ट आहे ना? मग निम्मं काम झालं

सेपक टकराचं कोर्ट 13.4 मीटर लांब आणि 6.1 मीटर रुंद असतं. म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्ट, तंतोतंत तेच. पुरुषांसाठी जाळीची उंची मध्यभागी 1.52 मीटर आणि खांबांजवळ 1.55 मीटर. इथेही बॅडमिंटनची जाळी तशीच्या तशी चालते. महिलांसाठी ती मध्यभागी 1.42 मीटरवर घ्यावी लागते, त्यामुळे मुलींच्या सरावाला खांबावरची दोरी दहा सेंटिमीटर खाली बांधा. छत निदान आठ मीटर उंच हवं. छताला किंवा लोंबत्या दिव्याला चेंडू लागला तर तो ज्याने मारला त्या बाजूचा फाउल धरतात.

बॅडमिंटनच्या कोर्टवर फक्त खडू घेऊन तीन खुणा वाढवायच्या आहेत, दोन्ही बाजूंना. पहिली खूण सर्व्हिसच्या वर्तुळाची. मागच्या रेषेपासून 2.45 मीटर पुढे आणि दोन्ही बाजूंच्या रेषांपासून 3.05 मीटर अंतरावर, म्हणजे बरोबर मधोमध, एक बिंदू घ्या. त्याभोवती 30 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. टेकाँगची जागा ही. उरलेल्या दोन खुणा जाळीखालच्या दोन कोपऱ्यांत येतात. बाजूची रेषा जाळीच्या बरोबर खाली येते तिथे 90 सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ काढायचं. इनसाइड खेळाडू तिथे उभे राहतात.

बाकीच्या बॅडमिंटनच्या रेषांकडे दुर्लक्ष करायचं, आणि नेमकं तेच नव्या मुलांना जमत नाही. दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेच्या जराशी आत असते. तिथे पडलेला चेंडू ‘बाहेर’ म्हणून ओरडणारा एक तरी निघतोच. शक्य असेल तर त्या रेषेवर कागदी टेप लावून ती झाकून टाका. बाहेरच्या चार रेषा कोर्टाचाच भाग असतात, म्हणून रेषेवर पडलेला चेंडू आत धरायचा.

चेंडूवर बारा भोकं असतात. पूर्वी तो वेताचा विणत असत, आता स्पर्धेत सिंथेटिक धाग्याचा वापरतात. पुरुषांच्या चेंडूचं वजन 170 ते 180 ग्रॅम, महिलांचा 150 ते 160 ग्रॅम. तो फुटबॉलसारखा हवेने भरलेला नसतो, त्यामुळे पायावर आदळतो तो कडकच. पहिल्या दिवशी अनवाणी खेळू नका. बॅडमिंटनचे किंवा व्हॉलीबॉलचे सपाट तळव्याचे बूट चांगले. पळण्याचे जाड, फुगीर कडांचे बूट नकोत, कारण चेंडू मारायचा असतो तो पावलाच्या आतल्या कडेने, आणि ती कड सपाटच हवी.

सर्व्हिस: एकाने फेकायची, दुसऱ्याने मारायची

आता मूळ प्रश्न. सर्व्हिसला दोन माणसं लागतात. पंच गुणसंख्या पुकारतात. त्यानंतर पाव वर्तुळात उभा असलेला इनसाइड चेंडू हाताने टेकाँगकडे फेकतो. टेकाँगचा एक पाय वर्तुळात जमिनीला टेकलेला असतो. दुसऱ्या पायाने तो तो चेंडू थेट जाळीपलीकडे मारतो. चेंडू खेळात आणण्यासाठी हाताचा वापर होतो तो एवढाच.

मापं पाहिली की ही फेक किती नाजूक आहे ते कळतं. जाळीखालच्या कोपऱ्यापासून टेकाँगच्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत सुमारे 5.2 मीटर अंतर होतं. फेकणारा कोपऱ्यापासून थोडा आत उभा असतो, म्हणजे चेंडूला साडेचार ते पाच मीटर जायचं असतं. टेकाँग जागा सोडू शकत नाही. त्याचा टेकलेला पाय वर्तुळातच राहायला हवा. चेंडू हातभर पुढे पडला तर तो पुढे धावू शकत नाही, मागे आला तर मागे सरकू शकत नाही. म्हणून चांगली सर्व्हिस निम्मी फेकणाऱ्याची असते. महोत्सवात मात्र सगळ्यांची नजर उंच गेलेल्या पायावर खिळते आणि फेकणाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

तो पाय इतका उंच का नेतात, तेही इथेच सांगतो. टेकाँग जाळीपासून सव्वाचार मीटर मागे असतो. त्याने चेंडू गुडघ्याच्या उंचीवर मारला तर तो आधी वर चढवावा लागतो, मगच जाळी ओलांडता येते. असा चेंडू कमान करून सावकाश येतो आणि पलीकडच्याला तयारीला भरपूर वेळ मिळतो. चेंडू डोक्याच्या उंचीवर, म्हणजे जाळीच्या वर, मारला तर तो जवळजवळ सरळ रेषेत, जोर न कमी करता पलीकडे जातो. नवख्यांनी मात्र कमानीच्याच सर्व्हिसने सुरुवात करायची. नियमाच्या दृष्टीने ती तेवढीच वैध आहे.

सर्व्हिसमध्ये गुण कसे हातचे जातात ते नीट समजून घ्या, कारण नव्या संघांच्या सामन्यात निम्मे गुण इथेच पडतात.

सगळ्यात मोठा धक्का बसतो तो हा: फेक वाईट पडली म्हणून टेकाँगला ती सोडून देता येत नाही. टेनिसमध्ये उडवलेला चेंडू आवडला नाही तर खेळाडू तो हातात झेलतो आणि पुन्हा उडवतो. इथे ती मुभा नाही. पंचांनी गुणसंख्या पुकारल्यावर फेक झाली आणि टेकाँगने चेंडू मारला नाही, तर गुण समोरच्या संघाला. त्यामुळे वाईट फेकही कशीबशी पलीकडे ढकलायला शिकावं लागतं. उलट, पंचांनी पुकारण्याआधीच घाईने फेक केली तर ती पुन्हा करायला सांगतात आणि फेकणाऱ्याला ताकीद मिळते.

फेकणाऱ्याच्या चुका अशा. गुणसंख्या पुकारल्यानंतर चेंडू हातात उडवत राहणं, आपटणं, साथीदाराकडे देऊन परत घेणं, हा फाउल. हात पुसायचे, चेंडू फिरवून पाहायचा, ते सगळं पुकारण्याआधी करा. फेकताना पाय उचलला, पाव वर्तुळाच्या रेषेवर पडला किंवा जाळीला धक्का लागला, तरी फाउल. नवखा मुलगा फेकीच्या लयीत एक पाऊल पुढे टाकतोच, क्रिकेटमध्ये अंडरआर्म थ्रो करण्याची सवय असते ना! त्याला मी दोन्ही टाचा जमिनीला चिकटवून फक्त खांद्यातून हात हलवायला लावतो.

टेकाँगच्या चुका: उडी मारून सर्व्हिस करणं, मारण्याआधी किंवा मारताना टेकलेल्या पायाने वर्तुळाची रेषा तुडवणं. चेंडू जाळी ओलांडण्याआधी आपल्याच साथीदाराला लागला, जाळीत अडकला किंवा पलीकडे बाहेर पडला, तरी गुण गेला. मात्र चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे आत पडला तर सर्व्हिस वैध. ‘नेट लागली, परत घ्या’ असं इथे चालत नाही. हा बॅडमिंटन-टेनिसच्या गप्पांतून आलेला गोंधळ मी दरवर्षी सोडवतो.

सर्व्हिस घेणाऱ्या बाजूवरही एक बंधन आहे. समोरचा टेकाँग तयारीत असताना ओरडून, टाळ्या वाजवून किंवा हातवारे करून त्याचं लक्ष विचलित केलं तर तो फाउल असतो. प्रेक्षकांनी ओरडलं तर हरकत नाही, कोर्टवरच्या तिघांनी मात्र गप्प राहायचं. टेकाँगने चेंडू मारला की त्या क्षणापासून सगळे आपापल्या कोर्टात कुठेही फिरू शकतात. इनसाइड खेळाडूही तोवरच पाव वर्तुळात बांधलेले असतात.

पहिल्या आठवड्याचा सराव

थेट कोर्टवर उभं राहून सर्व्हिस मारायला जाऊ नका. हा क्रम माझ्या अनुभवात चालतो:

1. आधी कंबर आणि मांडीचे आतले स्नायू मोकळे करा. जमिनीवर बसून दोन्ही तळवे एकमेकांना लावून गुडघे हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम, मग उभ्याने पाय पुढे-मागे आणि बाजूला झुलवणं. जांघेतला स्नायू इथे सगळ्यात आधी दुखावतो, आणि तो बरा व्हायला फार वेळ लागतो. आत कळ आली की त्या दिवशीचा सराव थांबवा.

2. चेंडू स्वतःच हाताने छातीच्या उंचीवरून सोडा आणि पावलाच्या आतल्या कडेने सरळ वर उडवा. गुडघा बाहेर वळलेला, तळवा बाजूला, पावलाची आतली कड छताकडे. चेंडू नाकासमोर वर जायला हवा. तो पुढे पळत असेल तर पाऊल उताणं होण्याऐवजी पुढे झुकतंय असं समजा.

3. आता टेकलेल्या पायाचा सराव, चेंडूशिवाय. वर्तुळात डावा पाय ठेवा (उजव्या पायाने मारणाऱ्यांनी) आणि उजवा पाय सावकाश वर नेऊन परत आणा. टाच किंवा चवडा वर्तुळाबाहेर सरकतो का ते साथीदाराने पाहायचं. शरीर फिरतं तसा टेकलेला पाय चवड्यावर फिरतो, ते चालतं. पाय जमिनीवरून उचलला जाणं किंवा रेषेवर जाणं चालत नाही.

4. फेकणाऱ्याचा वेगळा सराव. वर्तुळाशेजारी एक रिकामी बादली ठेवा, मारणाऱ्या पायाच्या बाजूला, साधारण अर्ध्या पावलावर. पाव वर्तुळातून हात खालून फिरवून चेंडू बादलीत पडेल असा फेका. फेक कमानदार आणि सावकाश हवी, सपाट नको. चेंडू पायावर खाली उतरत यायला हवा म्हणजे टेकाँगला वेळ मिळतो. चेंडू बादलीत नेमाने पडायला लागला की बादली काढून टेकाँगला उभं करा.

5. आता दोघे मिळून. टेकाँगने हाताने खूण करायची: चेंडू कुठे आणि किती उंच हवा. सुरुवातीला कमरेच्या उंचीवर घ्या आणि कमान करून पलीकडे टाका. पलीकडे कुठे पडतो याची चिंता नको, जाळी ओलांडून आत पडला की झालं. ते जमल्यावरच फेकीची उंची वाढवत न्या.

कोणत्या इनसाइडने फेकायचं याचं बंधन नाही, डावा किंवा उजवा कोणीही चालतो. पण टेकाँगला सवय होण्यासाठी एकच फेकणारा ठरवा. दर सर्व्हिसला माणूस बदलला तर चेंडूचा कोन बदलतो आणि टेकाँगची लय तुटते.

सर्व्हिस चुकली की चूक कोणाची हे ओळखता यायला हवं. चेंडू जाळीत जात असेल आणि टेकाँग पुढे वाकून मारत असेल, तर फेक आखूड पडते आहे. चेंडू उंच जाऊन मागच्या रेषेबाहेर पडत असेल, तर फेक बहुधा अंगावर येते आहे आणि टेकाँग मागे झुकून चेंडूच्या खालून मारतो आहे. फेक जागेवर असूनही चेंडू तिरका बाजूला जात असेल, तर मात्र पावलाची कड वळलेली आहे, ते टेकाँगचं काम.

हात म्हणजे नेमकं काय, आणि कुठून कुठपर्यंत

फेक झाली की हात संपले. त्यानंतर त्या खेळीत चेंडू पाय, गुडघा, मांडी, छाती, पाठ, डोकं, खांदा यांनी खेळता येतो. हाताला किंवा दंडाला लागला की फाउल.

फुटबॉल पाहणारी मुलं इथे लगेच विचारतात, मुद्दाम नाही लागला तर? फुटबॉलमध्ये हात नैसर्गिक स्थितीत होता का, चेंडूकडे नेला का, यावर पंच विचार करतात. सेपक टकरात हेतू विचारत नाहीत. चेंडू दंडाला घासला एवढं पुरे. खेळाडू हात अंगाला चिकटवून का खेळत नाहीत मग? कारण एका पायावर उभं राहून दुसरा डोक्यापर्यंत नेताना तोल हातांनीच सांभाळायचा असतो. म्हणून हात पसरायचे, पण चेंडूच्या वाटेतून दूर ठेवायचे. छातीवर चेंडू घेताना कोपर मागे खेचायचं, तसं केलं नाही तर चेंडू छातीवरून दंडावर घरंगळतो. नव्या खेळाडूंचे हाताचे बहुतेक फाउल याच जागी होतात, जोराच्या स्मॅशवर नव्हे.

खांदा कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो, यावर वाद होणारच. सरळ सांगायचं तर ते पंचांच्या नजरेवर आहे. सरावात मी मुलांना खांदा टाळायलाच सांगतो. डोक्याने किंवा छातीने घेता येणारा चेंडू खांद्यावर घेण्यात काही शहाणपण नाही.

हाताबद्दल आणखी एक बारीक नियम आहे, जो महोत्सवात कोणी समजावून सांगत नाही. सर्व्हिसच्या वेळी पाय उंच नेता यावा म्हणून हात दुसऱ्या कशावर टेकवला, उदाहरणार्थ जमिनीवर, तर चेंडूला हात लागला नसला तरी फाउल. टेकाँगने स्वतःच्या तोलावरच उभं राहायला हवं.

हाताने झेलायचं नाही तसंच शरीराने पकडूनही ठेवायचं नाही. चेंडू काखेत, मांड्यांच्या मध्ये किंवा पोटाशी थांबवला तर फाउल. चेंडू उडतच राहायला हवा. जाळीला किंवा खांबाला अंग लागलं तरीही गुण जातो. आणि जाळीच्या वरून किंवा खालून समोरच्यांच्या कोर्टात शिरायचं नाही. फक्त मारण्याच्या झोकात पाय जाळीवरून पलीकडे गेला तर ते खपतं.

आता स्पर्शांचा हिशेब. एका बाजूला जास्तीत जास्त तीन स्पर्श, तिसऱ्याला चेंडू पलीकडे गेलाच पाहिजे. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांनी इथे एक सवय मोडायची: एकाच खेळाडूला लागोपाठ स्पर्श करता येतात. तिन्ही स्पर्श एकट्यानेच केले तरी चालतं. म्हणून सर्व्हिस घेणारा आधी छातीवर चेंडू मऊ करतो, मग स्वतःच्याच पायाने जाळीजवळ उचलतो आणि तिसऱ्या स्पर्शाला साथीदार स्मॅश मारतो. व्हॉलीबॉलसारखं जागा फिरवणंही नाही, टेकाँग सामनाभर टेकाँगच राहतो.

गुण: जिंकला कोण आणि सर्व्हिस कोणाची, हे वेगळे प्रश्न

प्रत्येक खेळीला एक गुण, सर्व्हिस कोणाचीही असो. पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे, ते आता नाही. आशियाई खेळांत हांग्झोऊपर्यंत दिसलेली पद्धत अशी: 21 गुणांचा सेट, तीनपैकी दोन सेट जिंकणारा विजयी.

सर्व्हिसची पाळी मात्र गुणावर अवलंबून नसते. एका संघाने सलग तीन सर्व्हिस करायच्या, मग दुसऱ्याने तीन, मग पुन्हा पहिल्याने. मधले गुण कोणीही जिंकले तरी हे बदलत नाही. एका सेटची सुरुवात नमुना म्हणून पाहू. लाल संघाची सर्व्हिस, समोर निळा.

पहिली सर्व्हिस: लाल टेकाँगचा चेंडू पट्टीला घासून पलीकडे जेमतेम आत पडतो. निळे हात वर करून ‘नेट’ म्हणतात, पण सर्व्हिस वैध. लाल 1, निळा 0.

दुसरी सर्व्हिस: चेंडू झकास पलीकडे जातो, पण फेकणाऱ्या लाल इनसाइडचा पाय पाव वर्तुळाच्या रेषेवर होता. चेंडू कुठे पडला याला आता अर्थ नाही. 1-1. इथे निळे चेंडू घ्यायला पुढे येतात. त्यांना परत पाठवायचं, कारण लालची तिसरी सर्व्हिस बाकी आहे.

तिसरी: निळा खेळाडू छातीवर घेतो, स्वतःच गुडघ्याने उचलतो, साथीदार स्मॅश मारतो. तीन स्पर्श, सगळं नियमात. पण लाल इनसाइड पाठ फिरवून उडी मारतो, चेंडू त्याच्या पाठीला लागून परत निळ्यांच्या कोर्टात पडतो. पाठीने अडवणं वैध आहे. लाल 2, निळा 1.

आता निळ्यांच्या तीन. पहिल्या सर्व्हिसला फेक आखूड पडते, निळा टेकाँग पाय उचलतच नाही. पंच लालला गुण देतात, 3-1. दुसऱ्या सर्व्हिसला लाल खेळाडू छातीवर घ्यायला जातो आणि चेंडू दंडावर घरंगळतो, 3-2. तिसऱ्या सर्व्हिसनंतर लांब खेळी होते, लाल स्मॅश मारतो, चेंडू आत पडतो, पण त्याआधी त्याची मांडी जाळीला लागलेली असते. 3-3. सहा सर्व्हिस झाल्या, आता पुन्हा लालची पाळी.

सहापैकी निदान चार गुण कोणी ‘मिळवले’ नाहीत, समोरच्याने दिले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नव्या संघांचा सेट असाच दिसतो.

गुणलेखकाचा गोंधळ उडाला तर एक सोपा हिशेब आहे. दोन्ही संघांचे गुण मिळवा, तीनने भागा. भागाकार सम (शून्यसुद्धा) आला तर सर्व्हिस त्या सेटमध्ये सुरुवात करणाऱ्या संघाची, विषम आला तर दुसऱ्याची. बाकी सांगते की त्या तीनपैकी किती सर्व्हिस झाल्या. समजा फलक 8-5 दाखवतो. बेरीज 13, भागाकार 4, बाकी 1. भागाकार सम आहे, म्हणजे सर्व्हिस लालची, आणि एक होऊन गेली असल्यामुळे ही दुसरी. वाद घालणाऱ्या दोन कर्णधारांसमोर हे भागाकार करून दाखवलं की शांतता होते.

20-20 ची बरोबरी झाली की हा हिशेब बंद. तिथून सर्व्हिस एकेक करून बदलते आणि दोन गुणांची आघाडी घेणारा जिंकतो: 22-20, 23-21, 24-22. पण हे अनंत चालत नाही, वरची मर्यादा 25 आहे. 24-24 झालं तर पुढचा एकच गुण सेट ठरवतो. पहिल्या सेटच्या सुरुवातीला समोरच्यांची सर्व्हिस ज्यांनी परतवली ते दुसऱ्या सेटची सुरुवात सर्व्हिस करून करतात, आणि सेट संपला की बाजू बदलतात.

अलीकडे आंतरराष्ट्रीय महासंघाने 15 गुणांचे छोटे सेटही आणले आहेत. त्यात बरोबरी 14-14 ला होते आणि मर्यादा 17 ची असते. कॉलेजच्या स्पर्धेत दोन्हींपैकी कोणतीही पद्धत दिसू शकते. म्हणून सामन्याआधी पत्रकात सेट किती गुणांचा आणि सर्व्हिस किती-किती करून बदलणार, या दोन ओळी वाचून घ्या आणि त्या फलकाशेजारी खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तिसऱ्या सेटमध्ये, दमलेल्या अवस्थेत, त्यावरून भांडायला कोणालाच जोर उरलेला नसतो.